रोजचं एक फूट

पाणीपट्टीवरचं भाषण ऐकायला गावात कुणी खुशीनं येत नाही. सप्ताह असला, कुस्त्या असल्या, निवडणूक असली तर मंडळी जेवण सोडून येतात. पाणीपट्टी म्हटलं की प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी रानात काम निघतं. तरीही २६ जानेवारी २०१३ च्या ग्रामसभेला आमच्या मारुतीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कारण गेले सहा दिवस गावाच्या नळाला थेंब नव्हता, आणि विहिरीत मात्र पाणी होतं.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, पण पाण्याचं गणित नावानं बदलत नाही. उत्तरेला राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव ही कॅनॉलची, उसाची गावं, आणि इकडं पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, सगळं ढगाच्या भरवशावर. २०१२ चा पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला होता. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. दिवाळीपासून लोक बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी काढू लागले होते.

पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष होते तात्या. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. गावात ते मोठ्या आवाजाचे म्हणून नव्हे, तर हिशेबाचे म्हणून माहीत होते. नळयोजना झाली तेव्हा शासनाच्या नियमाप्रमाणं ग्रामसभेतून समिती निवडली, त्यात निम्म्या बायका घेतल्या आणि अध्यक्षपद तात्यांच्या गळ्यात पडलं. माझं अक्षर बरं म्हणून समितीची वही माझ्याकडं आली. त्यामुळं त्या दिवशीच्या भाषणातला आकडा न् आकडा माझ्या हातून गेलेला होता.

सहा दिवस पाणी का नव्हतं, तर लाइट तोडली होती. वीजबिलाची थकबाकी ९१ हजार झाली होती. वायरमन येऊन विहिरीवरची जोडणी काढून गेला. गावात चर्चा अशी, की वर ओळख काढा, कुणाला तरी फोन लावा, जोडून देतील. काही जण म्हणत होते, सरळ टँकर मागा.

तात्या उभे राहिले. हातात माईक नव्हता, कारण तात्यांनी तो नको म्हटलं. त्यांनी सुरुवातच अशी केली, "मंडळी, आयाबायांनो, राम राम. टँकरचं पहिलं सांगतो. तहसीलदार आणि बीडीओ विहीर बघायला येतील. विहिरीत सोळा फूट पाणी दिसलं तर ते टँकर कशाचा मंजूर करतील? आणि केला तरी माणशी वीस लिटर. एका माणसाला एक मोठी बादली आणि वर एक कळशी. त्यात प्या, रांधा, अंघोळ करा, भांडी घासा. पाहिजे का?"

कुणी बोललं नाही.

मग त्यांनी माझ्याकडून वही घेतली. तात्यांची बोलण्याची रीत अशी, की आकडा सांगायचा, थांबायचं, आणि तो आकडा कशाचा ते सांगायचं. "नळजोडण्या ३००. पट्टी वर्षाला ७०० रुपये. ही सातशे कुठून आली? कुणी म्हणतं सरपंचानं ठरवली, कुणी म्हणतं तात्यानं. दोघांनीही नाही. ऐका. मोटार दहा हॉर्सपॉवरची, रोज सहा तास चालते. बिल महिन्याला नऊ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार. पाणी सोडणारा पोरगा महिन्याला पाच हजार, वर्षाचे ६० हजार. टीसीएल पावडर पाच हजार. मोटार जळते, वॉल गळतो, पाइप फुटतो, त्याला ३७ हजार. बेरीज २ लाख १० हजार. भागिले तीनशे. झाले सातशे. यात समितीचा चहासुद्धा नाही."

एक जण मागून ओरडला, "मग एवढे पैसे गेले कुठं?"

"आलेच नाहीत," तात्या म्हणाले. "गेल्या साली १७० घरांनी पट्टी भरली. १ लाख १९ हजार. पोराचा पगार दिला, पावडर आणली, दुरुस्त्या केल्या. १ लाख २ हजार तिथं गेले. उरले १७ हजार, ते बिलात भरले. १ लाख ८ हजारातून १७ वजा करा. किती राहिले? एक्क्याण्णव. आता १३० घरांनी पट्टी दिली नाही, गुणिले सातशे. किती? एक्क्याण्णव हजार. म्हणजे लाइट वायरमननं तोडलेली नाही. ती आपल्यातल्या १३० घरांनी थोडी थोडी वर्षभर तोडत आणली. वायरमन फक्त खांबावर चढला."

हे ऐकून सभेत कुजबूज सुरू झाली. तोपर्यंत गावाला वाटत होतं की थकबाकी ही कसलीतरी सरकारी भानगड आहे. दोन्ही आकडे नेमके जुळतात हे वहीत मांडताना मलाही चमकल्यासारखं झालं होतं. त्यात कोडं काहीच नव्हतं. पावडरीचा दुकानदार उधार देत नाही, पोराचा पगार अडवला तर तो दुसऱ्या दिवशी एमआयडीसीची वाट धरतो. सगळ्यांत शेवटपर्यंत थकवता येतं ते वीजबिल. म्हणून न आलेला प्रत्येक रुपया तिथंच साचतो, आणि एक दिवस विहीर भरलेली असून नळ कोरडे पडतात.

मग तात्यांनी जे सांगितलं ते आम्हा समितीवाल्यांना माहीत होतं, पण चारचौघांत कुणी बोलत नव्हतं. "ही १३० घरं गरिबांची आहेत असं समजू नका. मी नावं वाचणार नाही. पण त्यातल्या बहुतेकांच्या दारात स्वतःचा बोअर आहे. त्यांना वाटतं, आपल्याला नळाची गरज काय? बरोबर आहे. पण मे महिन्यात बोअर फुर्र करतो तेव्हा नळाखाली पहिलं टिपाड त्यांचंच असतं. एसटीत आम्ही बघायचो. गाडी पळती केली की डिझेल जळतंच, माणसं दहा बसली काय आणि पन्नास बसली काय. ज्याला महिन्यातून एकदाच बसायचं आहे त्यालाही गाडी रोज चालू राहायला हवी असते. नळाचंही तसंच. नळ ही तुमची शेवटची गाडी आहे. ती चालू ठेवायचा खर्च बारा महिन्यांचा आहे."

याच वेळी शाळेमागच्या वस्तीतल्या एक आक्का उठल्या. ही वस्ती लाइनच्या टोकाला आणि जरा उंचावर. तिथं अठरा घरं. आक्का म्हणाल्या, "तात्या, आमच्या अठराच्या अठरा घरांची पट्टी भरलेली आहे. पावत्या आहेत. आणि आमच्याच नळाला पाणी चढत नाही. लाइट होती तेव्हाबी नव्हतं. मी दोन कळश्यांसाठी खालच्या आळीत जाऊन हात जोडते. पाणी येत नाही तर पट्टी कशाची घेता?"

त्या सभेत याहून खरा प्रश्न कुणी विचारला नाही. पट्टी सगळ्यांत चोख भरतात ती टोकाची घरं, कारण त्यांच्याकडं ना विहीर ना बोअर. आणि पाणी सगळ्यांत कमी त्यांनाच. तात्यांनी त्यावर 'बघू, करू' म्हटलं असतं तर सभा तिथंच संपली असती. ते म्हणाले, "आक्का, तुमचं पाणी कुठं जातं ते आम्ही डिसेंबरात मोजलं आहे. सांगतो, मग तुम्हीच ठरवा."

हे मोजमाप कसं केलं ते सांगायला हवं, कारण त्याला कसलंही यंत्र लागलं नव्हतं. गावाची टाकी ८० हजार लिटरची, आत दहा फूट पाणी बसतं. म्हणजे फुटाला आठ हजार आणि इंचाला साडेसहाशे लिटरच्या वर. गावात माणसं पंधराशे. योजना केली तेव्हाच्या मापानं माणशी ४० लिटर धरले तर रोज ६० हजार लिटर पुरे. आम्ही चढवत होतो ८० हजार. तरी टोकाला पाणी नाही. मधले २० हजार जात कुठं होते?

पहिल्यांदा एका रात्री टाकी भरून सगळ्या आळ्यांचे वॉल बंद केले आणि काठीला खूण करून पाण्याची पातळी घेतली. सहा तासांनी पातळी दोन इंच उतरलेली. एकही नळ चालू नसताना तेराशे लिटर गेलं होतं. म्हणजे टाकीपासून वॉलपर्यंतच्या पाइपात गळती. दिवसाचे पाचेक हजार लिटर. पहाटे त्या पाइपाच्या वरून चालत गेलो तेव्हा ओढ्याच्या कडेला एका ठिकाणी भर दुष्काळात हिरवीगार हरळी उगवलेली दिसली. तिथं उकरलं तर जोड सुटलेला.

मग पाणी सुटायच्या वेळेला आळीआळीनं फिरलो. वीस नळांना तोटीच नव्हती. पंधरा लिटरची बादली नळाखाली धरून घड्याळ लावलं, ती मिनिटाला भरत होती. पाणी पाऊण तास सोडायचे. घरातली भांडी पंचवीस मिनिटांत भरून होतात, मग उरलेली वीस मिनिटं नळ गटारात वाहतो. एका नळाचे ३०० लिटर, वीस नळांचे सहा हजार. तोटी त्या काळात चाळीस-पन्नास रुपयांना मिळत होती.

पाच आणि सहा मिळून अकरा हजार सापडले. उरलेले नऊ हजार उघड दिसत होते. कुणी नळाची नळी परसातल्या घासाला लावलेली, कुणी गाडी धूत होता, आणि वरच्या आळीत काही घरांनी नळाला थेट मोटार जोडलेली.

या मोटारीबद्दल तात्या सभेत जास्त वेळ बोलले. "मोटार लावली की पुढच्याच्या वाटचं पाणी ओढलं जातं, हे सगळ्यांना कळतं. पण दुसरं ऐका. पाइपात पाणी जोरात असलं की फटीतून ते बाहेर येतं. मोटारीनं ओढलं की उलटं होतं, फटीतून बाहेरचं आत जातं. आणि आपला पाइप जातो कुठून? गटाराच्या कडेनं. शेजारच्या नळातून फुसफुस आवाज आला, पाणी थांबून थांबून आलं, की समजा आळीत कुणाची तरी मोटार चालू आहे. आणि पहिल्या कळशीला वास आला तर समजा गटार आत आलं आहे. आपण हजार लिटरला पाच ग्रॅम या मापानं रोज ४०० ग्रॅम पावडर टाकतो. आरोग्यसेविकेनं टाकीजवळच्या नळाचं पाणी तपासलं, औषध टाकल्यावर पिवळं झालं, म्हणजे क्लोरिन आहे. शाळेमागं तपासलं, रंगच आला नाही. घाण जिथं शिरते तिथं पावडर तिच्याशी झुंजताना संपते. टोकाच्या पोराला जुलाब लागले तर ते वरच्या मोटारीमुळं, हे लक्षात ठेवा."

यानंतर विहिरीची गोष्ट आली. माझ्या मते सगळं भाषण त्यासाठीच होतं. "लाइट तोडायच्या आधी," तात्या म्हणाले, "रोज सकाळी मोटार चालून बंद झाली की विहीर पाच फुटांच्या वर उतरलेली असायची. दुसऱ्या सकाळपर्यंत झऱ्यांनी चार फूट भरायची. रोजचं एक फूट तुटत होतं. आमची विहीर फुटाला पंधरा हजार लिटरची. हे एक फूट म्हणजे पंधरा हजार, आणि वाया जाणारे वीस हजार. दिसतंय का? आपण गळतीला, गटाराला आणि घासाला घातलेलं पाणी विहिरीतनं तुटत होतं. सहा दिवस मोटार बंद म्हणून आज सोळा फूट पाणी आहे. लाइट आली आणि पुन्हा ८० हजार उपसलं तर ही विहीर दोन आठवडे काढणार नाही. ६० हजार उपसलं तर चार फूट उतरेल, चार फूट भरेल. झरे बारीक होत जातील, ते आपल्या हातात नाही. पण तोवर टिकेल."

थोडं थांबून म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथं ग्रामसभेत दर साली पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यातून आधी माणसाचं आणि जनावराचं पिण्याचं बाजूला काढतात, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअरच्या पाण्यावर त्यांनी बंदी घातली आहे. आपल्याला ते सगळं आज जमणार नाही. त्यांनी त्यासाठी डोंगरावर वर्षानुवर्षं चर खोदले, झाडं लावली. पण काठीनं विहीर मोजायला आपल्याला कुणी अडवलं आहे?"

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "जनावरांचं काय? माणशी चाळीस लिटर म्हणता. एक संकरित गाय तेवढंच पिती. ती काय माणशी धरली आहे का?"

तात्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही धरली. योजनेच्या मापात जनावर नाही. यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं, की वेशीजवळच्या बारवेचं मचूळ पाणी जनावरांच्या हौदात टाकायचं, आणि नळाचं पाणी फक्त घरात. मचूळ पाणी गाई आधी पीत नाहीत, मग पितात. हा तोडगा पुरेसा नव्हता, पण दुसरा नव्हता.

मग तात्या मूळ मुद्द्यावर आले, आणि आक्कांकडं बघून बोलले. "पाणी आधी की पैसे आधी, हा आक्कांचा प्रश्न. टोकाच्या घरांनी पैसे आधी दिलेत. आता पाणी आधी त्यांना. लाइट आली की पहिला वॉल शाळेमागचा उघडायचा, बाकीचे सगळे बंद ठेवून. ती अठरा घरं भरली की मगच खालची आळी, आणि वरची शेवटी. आणि पाणी सोडायचं ते गावात भारनियमन असेल त्याच वेळेला. टाकीतनं पाणी उतारानं येतं, त्याला लाइट लागत नाही. नळाच्या मोटारीला लागते." लोक हसले. वरच्या आळीतले दोघे-तिघे हसले नाहीत.

"पैशाचं म्हणाल तर एकदम सातशे कुणी देणार नाही हे मला कळतं. ज्याचं दूध जातं त्याचा दहा दिवसांनी पगार होतो. महिन्याच्या एका पगारातून साठ रुपये समितीला द्या. दिवसाचे दोन रुपये पडतात. ज्याचं दूध नाही त्यानं मजुरीतून द्यावे. पण पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका, मलासुद्धा. फाडलेलं तिकीट दिसल्याशिवाय माणूस कंडक्टरवर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. दर महिन्याला जमा आणि खर्च देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहीन."

भाषण संपलं. टाळ्या फारशा झाल्या नाहीत. मी पावतीपुस्तक घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत ४१ पावत्या फाटल्या, कुणाच्या पूर्ण, कुणाच्या अर्ध्या. पुढच्या आठवड्यात तात्या आणि समितीतल्या बायका घरोघर फिरल्या. बायका गेल्यानं फरक पडला, कारण पुरुष ओट्यावर बसून वाद घालतात, आणि बाई सरळ आतल्या बाईला विचारते, पाणी भरायला उद्या कुठं जाणार? ४५ हजार जमल्यावर ते वीज कंपनीत भरले, बाकीचे हप्ते लिहून घेतले, आणि सभेनंतर नवव्या दिवशी मोटार चालू झाली. पहिला वॉल ठरल्याप्रमाणं शाळेमागचा उघडला. त्या दिवशी आक्कांच्या नळाला पाणी आलं आणि पाऊण तास टिकलं. त्यांनी तोटी तीनदा बंद करून उघडून पाहिली.

मार्चअखेर ३०० पैकी २४८ घरांची पट्टी आली. ५२ शेवटपर्यंत राहिली. त्यांतल्या ज्यांना खरंच जमत नव्हतं त्यांच्याकडं समितीनं तगादा लावला नाही. पण बोअरवाल्या तिघांना ग्रामपंचायतीची नोटीस गेली, मुदत संपली आणि त्यांचे नळ काढले. त्यातले एक माझे चुलते. ते माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते.

आणि विहीर? ती काही चमत्कारानं वाचली नाही. मार्चपर्यंत पातळी जागेवर राहिली. मग झरे बारीक झाले, एप्रिलात पाणी दिवसाआड झालं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ दिसला आणि गावात टँकर आलाच. पण शेजारच्या गावांत तो फेब्रुवारीपासून चालू होता. तीन महिन्यांचा हा फरक तात्यांनी भिंतीवर लिहिला नाही. त्यांनी फक्त रोजची पातळी लिहिली होती, फूट आणि इंच. ती वाचून ज्याला जे कळायचं ते कळत होतं.

जूनमध्ये पाऊस झाला. विहिरीला पाणी फुटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आमचे नळ सुरू झाले, कारण बिल भरलेलं होतं, मोटार जागेवर होती, ओढ्याकाठचा जोड बसवलेला होता. पाऊस पडल्यावर पट्टी पुन्हा ढिली पडते, हा अनुभव तात्यांना होता. म्हणून पहिल्या पावसाच्या चिखलातच त्यांनी मला पावतीपुस्तक काढायला लावलं. म्हणाले, "भरल्या विहिरीवर मागायची लाज वाटते, म्हणून तर रिकाम्या विहिरीवर मागायची वेळ येते. चल."